सुकाणू समितीनं वजनकाटा मंजूर केला : बदलाच्या नोंदीत खर्च, मुदत आणि 'मंजुरी देणारा' काय लिहावं?

औसा_रोड

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या प्रकल्पाचं समन्वयाचं काम मी बघतो. दोन हजार टनांचं गोदाम आणि सोयाबीन-तुरीची स्वच्छता व प्रतवारीची लाइन असा प्रकल्प आहे. मंजूर खर्च ३ कोटी २० लाख. त्यात आकस्मिक म्हणून १० लाख धरलेत. पूर्ण करायची तारीख ३० सप्टेंबर, कारण ऑक्टोबर लागला की सोयाबीन दारात येतं.

मूळ आराखड्यात वजनकाटा नव्हता. शेजारच्या खासगी काट्यावर गाड्या तोलून आणायच्या असं ठरलं होतं. १२ जूनच्या सुकाणू समितीच्या बैठकीत सभासदांनी आग्रह धरला की काटा आपलाच पाहिजे. चर्चा होऊन ६० टनांचा काटा घ्यायचं ठरलं. आता बदलाची नोंद लिहून फाइलला लावायची आहे आणि बँकेला प्रत पाठवायची आहे. कच्ची नोंद अशी केली आहे :

बदल क्रमांक ४. विषय : आवारात ६० टनी वजनकाटा, १६ मीटर बाय ३ मीटर.
कारण : सभासदांची मागणी, बाहेरच्या काट्यावर वेळ जातो.
खर्च : १२ लाख रुपये.
मुदतीवर परिणाम : ४५ दिवस.
निधी : आकस्मिक तरतुदीतून.
मंजुरी : सुकाणू समिती, दि. १२ जून. अध्यक्षांची सही.

बँकेच्या अधिकाऱ्यानं फोनवर एवढंच विचारलं, "ही मंजुरी नेमकी कुणाची आणि ४५ दिवसांनी प्रकल्प कधी संपणार?" त्यामुळं इथं विचारतोय. या तीन रकान्यांत काय आणि किती लिहावं?

गोदाकाठचा_भाऊ

नांदेडहून. बांधकाम खात्यात शाखा अभियंता होतो, आता निवृत्त. तुमच्या करारात बी-१ फॉर्म असेल तर जादा बाबींसाठी कलम १४ आणि परिमाण वाढलं तर कलम ३८ बघा. निविदेतल्या परिमाणाच्या २५ टक्क्यांपुढं काम गेलं की पुढचा दर नव्यानं ठरतो. वजनकाटा निविदेत नव्हताच, म्हणजे जादा बाब. दरसूचीवरून दर काढा, दरपृथक्करण जोडा, कार्यकारी अभियंत्यांकडं पाठवा. ते मंजूर करतील तोवर काम सुरू करू नका.

औसा_रोड

भाऊ, धन्यवाद. पण हे सरकारी काम नाही. आमचं संचालक मंडळ, आमची सुकाणू समिती, बँकेचं मुदत कर्ज आणि थोडं अनुदान. ठेकेदाराबरोबर साधा करार आहे.

बांधावरून

आमीबी अशाच एका कंपनीत संचालक हाव. एवढं डोकं कशाला लावालाव? बैठकीत सगळ्यांनी हात वर केले, अध्यक्षानं सही केली, झालं काम. पैसा सभासदांचा, काटा सभासदांचा. आकस्मिक मनून दहा लाख ठिवले कशासाठी? असल्याच कामासाठी. बँकेला काय, हप्ता येळेवर पायजे.

तिफण

बांधावरून यांचं एक म्हणणं बरोबर आहे : सगळ्यांनी मिळून ठरवलं हे महत्त्वाचं. पण त्यावरून मंजुरी पुरी झाली असं होत नाही.

मी बरीच वर्षं प्रकल्प नियोजनात काढली. आधी साखर कारखान्याचे विस्तार, नंतर गोदामं आणि शीतगृहं. औसा_रोड, खर्च आणि मुदतीकडं नंतर येऊ. पहिला प्रश्न : प्रकल्प सुरू करताना संचालक मंडळानं सुकाणू समिती नेमली, त्या ठरावात समितीला अधिकार किती रकमेपर्यंत दिलेत? तो कागद काढा आणि त्यातलं वाक्य इथं जसंच्या तसं लिहा.

औसा_रोड

काढला. ठरावात असं आहे : "सुकाणू समितीस एका बदलासाठी रु. ५ लाखांपर्यंत व एकूण आकस्मिक तरतुदीच्या मर्यादेत मंजुरीचा अधिकार राहील. प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख बदलत असल्यास किंवा रक्कम याहून अधिक असल्यास समितीच्या शिफारशीसह विषय संचालक मंडळापुढे ठेवावा."

आकस्मिक १० लाखांतले ३ लाख ४० हजार गोदामाच्या पायासाठी आधीच गेलेत. काळी माती अंदाजापेक्षा खोल निघाली होती. आता ६ लाख ६० हजार शिल्लक आहेत.

तिफण

मग उत्तर तुमच्याच फाइलमध्ये आहे. १२ जूनला समितीनं जे केलं ती मंजुरी नाही, शिफारस आहे. नोंदीत "मंजुरी : सुकाणू समिती" लिहिलंत तर कागद खोटं बोलतो, कारण १२ लाखांना मंजुरी द्यायचा अधिकार त्या टेबलावर कुणाकडंच नव्हता. अध्यक्ष स्वतः संचालक मंडळाचेही अध्यक्ष असले तरी फरक पडत नाही. त्या दिवशी ते समितीच्या खुर्चीत होते.

नोंदीत दोन वेगळ्या ओळी हव्यात. "शिफारस : सुकाणू समिती, १२ जून, विषय क्रमांक अमुक." आणि "मंजुरी : संचालक मंडळ, ठराव क्रमांक ___, दिनांक ___." दुसरी ओळ ठराव होईपर्यंत रिकामी ठेवायची आणि बदलाची स्थिती "शिफारस झाली, मंजुरी बाकी" अशी लिहायची. पुरवठादाराला आगाऊ रक्कम द्यायची ती दुसरी ओळ भरल्यावरच.

बँकेच्या माणसानं बरोबर जागी बोट ठेवलंय. त्याला सही कुणाची हे दिसतंच आहे. सही करणाऱ्याला तेवढा हक्क होता का, हे तो विचारतोय.

बांधावरून

मग सोपं हाय की. पाया तेवढा समितीत करा. वायरिंग, तेबी समितीत. काट्याचं यंत्र दोन हप्त्यांत दोन नोंदी करून घ्या. सगळं पाचाच्या आत बसतंय. बोर्डाची बैठक लावायची मनलं की आमच्याकडं अर्धे संचालक लग्नात ऱ्हातेत.

जमाखर्च_बीड

दादा, हे मात्र करू नका. मी बीडमध्ये लेखापरीक्षणाचं काम करते. तपासणीला बसलं की आम्ही सगळ्यात आधी हेच बघतो : एकाच महिन्यात, एकाच कामाच्या, मर्यादेच्या जरा खाली राहणाऱ्या तीन-चार नोंदी. पायाशिवाय काट्याचा उपयोग नाही आणि काट्याशिवाय पायाचा. म्हणजे बदल एकच आहे. तुकडे केले तर रक्कम योग्य असूनही हेतूवर शंका येते, आणि ती शंका पुढं सगळ्या फाइलवर राहते.

औसा_रोड, तुमचे १२ लाख कशाचे आहेत? जीएसटी धरून की सोडून?

औसा_रोड

सोडून. काटा बसवणुकीसह ८ लाख, पाया आणि दोन्ही बाजूंचे उतार साडेतीन लाख, वीज आणि केबल ५० हजार. तिन्हींवर जीएसटी १८ टक्के. बैठकीत "बारा लाख" एवढंच बोललं गेलं, इतिवृत्तातही तेवढंच आहे.

जमाखर्च_बीड

म्हणजे २ लाख १६ हजार कर. खिशातून जाणारे १४ लाख १६ हजार. आणि सल्लागार वास्तुविशारदाची फी? नकाशा त्यांनाच बदलावा लागणार ना?

औसा_रोड

हो, त्यांनी ३६ हजार सांगितलेत, अधिक जीएसटी.

जमाखर्च_बीड

४२ हजार ४८० झाले. एकूण १४ लाख ५८ हजार ४८०. नोंदीत हा आकडा लिहा आणि खाली त्याची फोड द्या. बैठकीत बारा म्हटलं गेलं आणि बिलं साडेचौदाची आली, तर मधले अडीच लाख कुणी मंजूर केले याचं उत्तर कुणाकडंच नसतं. माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक वाद असेच आहेत. चोरी कुठंच नसते. एकानं कर सोडून बोललेलं असतं, दुसऱ्यानं कर धरून ऐकलेलं असतं.

या कराची वजावट मिळेल का, हा वेगळा प्रश्न. बांधकामावरच्या कराची वजावट कलम १७(५) खाली अडते, पण यंत्र आणि त्याचा पाया यांना तिथं मोकळीक आहे. दुसरीकडं शेतमाल साठवणुकीची सेवा करमुक्त आहे, आणि करमुक्त सेवेसाठी वापरलेल्या वस्तूवरचा कर परत मिळत नाही. तुमची कंपनी काट्याचा वापर कशासाठी दाखवणार यावर सगळं आहे. तुमच्या सीएंना विचारा. त्यांचं उत्तर येईपर्यंत नोंदीत पूर्ण रक्कमच धरा. पुढं वजावट मिळाली तर खर्च कमी झाला म्हणून दाखवता येतो. उलटं झालं तर पुन्हा मंजुरी मागायची वेळ येते.

वाळूज_शिफ्ट

संभाजीनगरहून. मी सॉफ्टवेअरवाला आहे, काटा-पाया कळत नाही, पण हे दुखणं ओळखीचं आहे. एका कारखान्याचं स्टोअरचं सॉफ्टवेअर बसवत होतो. सुकाणू बैठकीत त्यांचा प्लांट हेड म्हणाला, "बारकोडपण घ्या यातच." सगळ्यांनी मान डोलावली. इतिवृत्तात आलं, "बारकोडबाबत चर्चा झाली व सहमती झाली." आम्ही सहा आठवडे काम केलं. बिल लावलं तर त्यांच्या खरेदी विभागानं विचारलं, सहमती कशावर झाली? बारकोड असावा यावर की त्याचे वेगळे पैसे द्यावेत यावर? दोन्ही अर्थ त्या वाक्यात बसत होते. बिल बरेच महिने अडकलं, शेवटी निम्म्यावर मिटवलं.

तेव्हापासून मी बैठक संपायच्या आधी वाक्य मोठ्यानं वाचून दाखवतो : अमुक काम, अमुक रक्कम, अमुक तारीख, देणारा अमुक. कुणाला हरकत असेल तर तिथंच निघते.

आमच्याकडं अजून एक करतात. बदल ज्या नकाशावर किंवा आवृत्तीवर मंजूर झाला तिचा क्रमांक नोंदीत टाकतात. तुमच्याकडं काट्याची जागा दाखवणारा नकाशा असेलच ना?

औसा_रोड

आहे. फाटकातून आत आलं की लगेच, मुख्य रस्त्यावरच काटा आहे. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी त्यावरूनच जावी म्हणून.

तिफण

थांबा. फाटक किती आहेत?

औसा_रोड

एकच. बाकी तिन्ही बाजूंना शेत आणि कुंपण.

तिफण

मग आता मुदतीच्या रकान्याकडं येऊ. खरा प्रश्न तिथं आहे.

तुमचे ४५ दिवस आले कुठून? माझा अंदाज, काट्यावाल्यानं "ऑर्डरपासून सहा आठवडे, पाच-सात दिवस बसवायला" असं सांगितलं असेल. तो त्याच्या कामाचा काळ झाला. प्रकल्पाची तारीख किती हलते हे त्यातून कळत नाही. नोंदीत बँकेला, मंडळाला हवा असतो तो दुसरा आकडा : ३० सप्टेंबरचं काय होतं?

कागदावर मांडून बघू. समजा संचालक मंडळाची बैठक २० जूनला झाली आणि ऑर्डर २१ ला गेली. सहा आठवड्यांनी, २ ऑगस्टला काटा येतो. दरम्यान २२ जूनला पाया खणायला घेतला, सळई बांधून काँक्रीट ६ जुलैला संपलं. २८ दिवस पाणी मारलं, ३ ऑगस्ट उजाडला. त्यानंतर बसवणूक, १२ ऑगस्टपर्यंत. मग वैधमापन शास्त्र निरीक्षकाकडून पडताळणी आणि मुद्रांकन. त्याशिवाय व्यवहारासाठी काटा वापरता येत नाही, म्हणून "काटा तयार" म्हणजे बसवला तो दिवस नव्हे, शिक्का बसला तो दिवस. ऑगस्ट अखेर धरा. ३० सप्टेंबरला अजून महिना आहे. म्हणजे नुसत्या काट्याकडं पाहिलं तर प्रकल्पाची तारीख एकही दिवस हलत नाही, आणि ४५ लिहिणं चूक ठरतं.

पण काटा एकुलत्या एका रस्त्यात आहे. २२ जूनपासून १२ ऑगस्टपर्यंत तिथं आधी खड्डा, मग ओलं काँक्रीट, मग क्रेन. त्या काळात फाटकातून दुसरं काय यायचं आहे?

औसा_रोड

प्रतवारीचं यंत्र. २० जुलैला ट्रेलरनं येणार आहे. ते बसवून, चाचणी घेऊन ३० सप्टेंबर. त्यात मोकळे दिवस जवळजवळ नाहीत.

तिफण

झालं तर मग. २० जुलैचा ट्रेलर १२ ऑगस्टपर्यंत फाटकाबाहेर. २३ दिवस. त्या यंत्राच्या मागं चाचणी, चाचणीच्या मागं प्रकल्पाची तारीख. ३० सप्टेंबरचं २३ ऑक्टोबर होतं, म्हणजे सोयाबीनच्या ऐन आवकेत तुमची लाइन बंद. काटा स्वतः वेळेत होतोय, पण तो दुसऱ्याची वाट अडवतोय. हे पुरवठादार कधीच सांगणार नाही, त्याला तुमचा ट्रेलर माहीतच नाही.

बदलाच्या नोंदीतला हा रकाना भरायचा तर वेळापत्रक समोर घेऊन दोन प्रश्न विचारावे लागतात : हे काम कशाची वाट बघतंय, आणि याच्यासाठी कोण थांबतंय. दुसरा प्रश्न लोक विसरतात.

बांधावरून

हे मातर पटलं बगा. आमच्या जिनिंगला असंच झालतं, फाटकासमोर नाली खणली आन कापसाच्या गाड्या आठ दिवस रोडवर. मग आता काय करायचं? काटा बाजूला सरकवायचा का?

औसा_रोड

बाजूला आठेक मीटर जागा आहे, पण ते निव्वळ काळं रान आहे. तिथून तात्पुरता रस्ता करता येईल असं ठेकेदार म्हणतो. साठ हजार, अधिक कर.

गोदाकाठचा_भाऊ

आता मी बोलतो, हा माझा विषय. जुलैत काळ्या मातीवरून ट्रेलर नेणार असाल तर नुसता मुरूम पसरून भागणार नाही. वरची भुसभुशीत माती काढा, खाली मोठे दगड बसवा, वर मुरूम दाबून घ्या, दोन्ही कडेला पाणी निघायला चर काढा. चर नसली तर एका पावसात मुरूम मातीत मुरतो आणि ट्रेलरचं चाक आसापर्यंत बसतं. साठ हजारांत यातलं काय काय आहे ते ठेकेदाराकडून लिहून घ्या.

आणि काट्याच्या पायाचं विचारतो. साडेतीन लाख कोणत्या खोलीवर काढलेत? काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. काट्याचा पाया तिच्यावर टेकला तर एक कोपरा वर उचलला जातो. एखाद्या साध्या इमारतीला तेवढ्यानं भिंतीला तडा जाईल. काट्यात मात्र वजन लोड सेलवर सारखं पडत नाही आणि तीच गाडी पुढच्या टोकाला उभी केली की एक वजन, मागच्या टोकाला दुसरं. शेतकऱ्याचा विश्वास तिथंच उडतो. पाया मुरमापर्यंत गेलाच पाहिजे, भोवतीची काळी माती काढून तिथं न फुगणारा मुरूम भरला पाहिजे.

औसा_रोड

अंदाजपत्रकात दीड मीटरवर मुरूम धरलाय. गोदामाच्या एका कोपऱ्यात मात्र दोन मीटरच्या पुढं गेल्यावर लागला होता. आकस्मिकमधले ३ लाख ४० हजार तिथंच गेले.

तिफण

मग भाऊंचा मुद्दा नोंदीत "गृहीतक" म्हणून यायलाच हवा : "पायाचा खर्च मुरूम १.५ मीटरवर लागेल असे धरून." आणि त्याखाली अट : "खोली वाढल्याने या बदलाचा खर्च मंजूर रकमेच्या १० टक्क्यांहून अधिक वाढल्यास काम थांबवून विषय पुन्हा मंडळापुढे आणावा." टक्का तुमच्या मंडळानं ठरवावा. पण मंजुरी कशाच्या भरवशावर दिली हे लिहिलेलं नसेल, तर मुरूम खाली सरकला की मंजुरीचा अर्थही सरकतो.

भाऊ, एक विचारतो. मंजुरीच्या आधी फाटकाजवळ एक चाचणी खड्डा घेता येईल ना?

गोदाकाठचा_भाऊ

अर्ध्या दिवसाचं काम. जेसीबी एरवीही साइटवर असेल. पाऊस मोठा लागायच्या आत घ्या.

वाळूज_शिफ्ट

चला, भाऊंनी कलम ३८ वरून थेट जेसीबीवर आणलं. (मनापासून म्हणतोय, या धाग्यावर फार शिकायला मिळालं.)

जमाखर्च_बीड

खर्चात आता तात्पुरता रस्ता मिळवा. साठ हजार अधिक १०,८००. एकूण १५ लाख २९ हजार २८०. म्हणजे प्रकल्पाचा खर्च ३ कोटी ३५ लाख २९ हजार २८० होतो. नोंदीत आधीचा, वाढीव आणि नंतरचा असे तिन्ही आकडे लागोपाठ लिहा, वाचणाऱ्याला कागद-पेन्सिल घ्यायला लावू नका.

निधीचा रकानाही बदलावा लागेल. आकस्मिकमध्ये ६ लाख ६० हजारच आहेत. "आकस्मिक तरतुदीतून" हे वाक्य आता खरं राहिलेलं नाही.

बांधावरून

सहा लाख साठ आकस्मिकमधून घ्या, वरचे आठ लाख सत्तर सभासदांच्या भागभांडवलातून. पैसा पडून ऱ्हाऊन काय उपेग?

तिफण

इथं माझं मत वेगळं आहे. आकस्मिक रक्कम ठेवतात ती ठरलेल्याच कामात न कळलेलं काही निघालं तर. गोदामाची काळी माती खोल निघाली, तो खर्च बरोबर तिथून गेला. वजनकाटा हे नवीन काम आहे, तुम्ही ठरवून वाढवलेलं. त्याला नवीन पैसा हवा, पूर्ण १५ लाख २९ हजारांचा. आकस्मिक शून्यावर आणून ठेवलंत आणि छपराच्या कामात काही निघालं, तर प्रत्येक वीस हजारासाठी मंडळापुढं जावं लागेल. छप्पर आणि यंत्र अजून व्हायचंय.

जमाखर्च_बीड

तिफण सर, तत्त्व मान्य. पण ठरावात "एकूण आकस्मिक तरतुदीच्या मर्यादेत" बदलांना मंजुरी द्यावी असं लिहिलंय आणि बदल म्हणजे फक्त मूळ कामातला असं कुठं म्हटलेलं नाही. मंडळानं ठरवलं तर आकस्मिकमधला काही भाग वापरणं नियमाबाहेर नाही. छोट्या कंपनीला पंधरा लाख नवे उभे करणं सोपं नसतं. किती शिल्लक ठेवायची हे मंडळानं ठरवावं, फक्त ते ठरावात लिहून यावं.

तिफण

नियमाबाहेर नाही हे खरं. शहाणपणाचं नाही असं माझं म्हणणं. मंडळापुढं दोन्ही पर्याय ठेवा.

मांजरा_वारा

धागा आत्ता वाचला. आमच्या गटाचंही प्रतवारी युनिट होतंय म्हणून विचारते : अनुदानातून काट्याचे पैसे मिळतील का? आम्हालाही काटा घ्यायचाय. कोणत्या कंपनीचा चांगला?

औसा_रोड

ताई, आमचं अनुदान मंजूर प्रकल्प अहवालातल्या बाबींवर आहे आणि काटा त्यात नाही. म्हणून तो पूर्ण स्वतःच्या पैशातून धरलाय. तुमचा अहवाल अजून मंजूर व्हायचा असेल तर आत्ताच त्यात टाका. कंपनीचं मी इथं सांगत नाही, तीन कोटेशन घ्या.

वाळूज_शिफ्ट

कोटेशनवरून आठवलं. तुमच्या कोटेशनची वैधता कधीपर्यंत आहे?

औसा_रोड

३० जून.

वाळूज_शिफ्ट

मग नोंदीत तेही टाका. मंडळाची बैठक जुलैत गेली तर आठ लाख हा आकडा आपोआप जुना होतो.

औसा_रोड

सगळ्यांचं घेऊन नोंद नव्यानं लिहिली. तारखेच्या बाबतीत तात्पुरत्या रस्त्याचा पर्याय धरलाय. बघा :

बदल क्रमांक ४. स्थिती : शिफारस झाली, मंजुरी बाकी.
विषय : आवारात ६० टनी वजनकाटा (१६ × ३ मीटर), पाया, उतार, वीजजोडणी, बांधकामकाळात ट्रेलरसाठी तात्पुरता रस्ता. जागा सुधारित नकाशा क्र. २ प्रमाणे.
कारण : मूळ आराखड्यात काटा नाही. बाहेरच्या काट्यावर गाड्यांची रांग लागते, हंगामात आवक अडते.
खर्च : काटा ८,००,०००, पाया व उतार ३,५०,०००, वीज ५०,०००, त्यावर जीएसटी २,१६,०००, सल्लागार फी करासह ४२,४८०, तात्पुरता रस्ता करासह ७०,८००. एकूण १५,२९,२८०. प्रकल्प खर्च ३,२०,००,००० वरून ३,३५,२९,२८०. कोटेशनची वैधता ३० जून.
मुदत : काटा मुद्रांकनासह ३१ ऑगस्टपर्यंत. प्रकल्पाची तारीख ३० सप्टेंबर कायम, मात्र तात्पुरता रस्ता १८ जुलैपूर्वी तयार असेल तरच. रस्ता न केल्यास प्रकल्प २३ दिवस पुढे, २३ ऑक्टोबर.
गृहीतक : मुरूम १.५ मीटरवर. खर्च १० टक्क्यांहून अधिक वाढल्यास पुन्हा मंडळापुढे.
निधी : पर्याय अ, पूर्ण रक्कम वाढीव भागभांडवलातून. पर्याय ब, आकस्मिकमधून मंडळ ठरवेल तेवढी, उरलेली भागभांडवलातून.
शिफारस : सुकाणू समिती, १२ जून.
मंजुरी : संचालक मंडळ, ठराव क्र. ____ दि. ____
बँकेस कळवले : दि. ____

तिफण

चांगली झाली. एकच राहिलं. समितीनं १२ जूनला शिफारस केली ती १२ लाखांची आणि तात्पुरत्या रस्त्याशिवाय. आता मंडळापुढं जातेय १५ लाख २९ हजारांची. समितीच्या सदस्यांना ही सुधारित नोंद पाठवून होकार लेखी घ्या आणि "शिफारस : १२ जून, सुधारित रकमेस होकार दि. ___" असं लिहा. नाहीतर मंडळात कुणीतरी उठून म्हणेल, आम्ही तर बारालाच हात वर केला होता.

बांधावरून

ते मी मनलो असतो, खरंच. बोर्डाची बैठक लावा पण मुहूर्त बगून लावा, कोरम नाय झाला तर पुन्हा ३० जून हुकंल.

जमाखर्च_बीड

बँकेची ओळ नुसती "कळवले" पुरेल का, ते कर्जाच्या मंजुरीपत्रात बघा. प्रकल्प खर्च वाढला तर "पूर्वसंमती" लागेल असं लिहिलेलं असू शकतं. तसं असेल तर ऑर्डर त्या संमतीनंतरच.

औसा_रोड

मंजुरीपत्र बघितलं. "प्रकल्प खर्चात किंवा आराखड्यात बदल करण्यापूर्वी बँकेची लेखी संमती" असंच आहे. ती ओळ "बँकेची संमती : दि. ____" अशी केली आणि अर्ज आजच देतो. संमतीला आठवडा लागला तर ऑर्डर २८ जूनच्या आसपास जाईल. काट्याकडं महिन्याची सवड आहे, कोटेशनही जेमतेम टिकतं.

सदस्यांना सुधारित नोंद पाठवली, दोघांचे होकार आले. चाचणी खड्ड्यासाठी जेसीबीवाल्याला सोमवारी सकाळी बोलावलंय.

गोदाकाठचा_भाऊ

खड्डा काट्याच्या दोन्ही टोकांना घ्या, एकाच ठिकाणी नको. सोळा मीटरमध्ये मुरूम वर-खाली असतो. आणि काय निघालं ते इथं लिहा.